पाच वर्षं घरून काम, आता ‘ऑफिसला या’: सेवाशर्त बदलली का?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गेल्या काही वर्षांत एक नवा नोकरदार वर्ग तयार झाला. कंपनी पुण्याची किंवा मुंबईची, पगार तिथला, आणि लॅपटॉप मात्र दापोलीच्या, देवगडच्या नाहीतर कुडाळच्या घरातल्या माडीवर. टाळेबंदीत गावी आलेली ही मंडळी वरिष्ठांच्या मंजुरीने गावीच राहिली. कोणी घराची डागडुजी केली, कोणी पुण्याची भाड्याची खोली सोडली, कोणी मुलांना इथल्या शाळेत घातलं. आता त्यांतल्या बऱ्याच जणांना मेल येतो, की अमुक तारखेपासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात हजर राहावं. मी कामगार कायद्याचं काम करतो, त्यामुळे तो मेल छापून घेऊन लोक येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: “इतकी वर्षं मंजुरीने घरून काम केलं, आता हा आमचा हक्क झाला नाही का? ते असं एका मेलने कसं काढून घेऊ शकतात?”

या प्रश्नाला सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येत नाही. ते बरंचसं तुमच्या कागदांवर ठरतं, आणि किती वर्षं झाली याला लोक देतात तेवढं वजन कायदा देत नाही.

आधी कायदा नेमकं काय म्हणतो ते पाहू. पूर्वी औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये कलम ९अ होतं. आता त्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० मधल्या कलम ४० ने घेतली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नियम जुनाच आहे. सेवेच्या काही ठरावीक अटींत बदल करायचा असेल, तर ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्या कामगारांना मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची, आणि नोटीस दिल्यापासून २१ दिवसांच्या आत तो बदल अमलात आणायचा नाही. या ‘ठरावीक अटी’ संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत दिल्या आहेत आणि त्या एकूण अकरा आहेत. पगार, भत्ते, कामाचे तास आणि मधली विश्रांती, भरपगारी रजा आणि सुट्ट्या, पाळ्या, शिस्तीचे नवे नियम, अशा त्या बाबी. आपल्या विषयाला सगळ्यात जवळची बाब आठवी: रूढ सवलत किंवा सुविधा काढून घेणं, किंवा प्रघातात बदल करणं.

या यादीत ‘कामाचं ठिकाण’ असा शब्द कुठेही नाही, आणि ‘घरून काम’ तर नाहीच. कंपन्यांचे वकील पहिलं बोट इथेच ठेवतात. त्यांचा दुसरा मुद्दा नेमणूक पत्रातला असतो. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक ओळ असते, की कर्मचाऱ्याची बदली कंपनीच्या कोणत्याही कार्यालयात होऊ शकेल. बदली हा बदलीयोग्य नोकरीचा अंगभूत भाग आहे, ती रद्द झालेली नसेल तर तिथे हजर व्हावंच लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने गुजरात वीज मंडळाच्या १९८९ च्या प्रकरणात सांगितलं आहे. तेव्हा कंपनी म्हणते, की आम्ही तुम्हाला तुमच्याच मूळ कार्यालयात बोलावतो आहोत, ही तर बदलीही नव्हे.

मुद्दा वजनदार आहे, आणि तो फेटाळून लावून कोणाला खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. पण त्याने सगळा प्रश्न संपत नाही. उरतो तो आठव्या बाबीचा. घरून काम करण्याची मुभा ही ‘रूढ सवलत’ झाली होती का? झाली असेल, तर ती काढून घेण्याआधी नोटीस हवी.

सवलत रूढ कधी होते हे कोकणातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे पायवाटेचे वाद घरोघरी आहेत. शेजाऱ्याच्या आवारातून तुम्ही वीस-पंचवीस वर्षं जाता. पण दरवर्षी तो म्हणत आला असेल, “जा हो, माझी हरकत नाही, गडगा घातला की बघू,” आणि तुम्हीही मान डोलावली असेल, तर ती वाट वहिवाटीचा हक्क होत नाही. परवानगीने चाललेली वाट परवानगीचीच राहते. याउलट कोणाला न विचारता, उघडपणे, आपली समजून ती वाट चालली असेल, तर गोष्ट वेगळी होते. घरून कामाचंही बरंचसं असंच आहे. किती काळ चाललं याच्या आधी ते कोणत्या नात्याने चाललं हे पाहावं लागतं.

न्यायालयांनी हा विचार बोनससारख्या बाबतींत पूर्वीच केला आहे. १९५९ साली ग्रॅहम ट्रेडिंग कंपनीच्या पूजा-बोनसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रूढ देण्याच्या कसोट्या सांगितल्या. ती गोष्ट खंड न पडता दिली गेली का, बराच काळ दिली गेली का, आणि एकसारखी दिली गेली का, हे पाहायचं. मग १९७५ साली इंडियन ऑइलचा निकाल आला, आणि आपल्या प्रश्नासाठी तो जास्त उपयोगी आहे. कंपनीने आसाममधल्या कामगारांना एक भत्ता आपणहून सुरू केला होता, आणि पुढे आपणहूनच बंद केला. कंपनीचं म्हणणं साधारण असं, की आम्हीच दिला होता, आम्हीच घेतला. न्यायालयाने ते मानलं नाही. आपणहून दिलेली गोष्टही सेवेची अट बनू शकते, आणि तशी बनली की नोटीस न देता ती एकतर्फी काढता येत नाही, असं ठरलं. ‘आम्ही उपकार म्हणून दिलं होतं’ एवढंच म्हणून मालकाची सुटका होत नाही, हे या निकालावरून कळतं.

आता दोन माणसं घेऊ. दोन्ही मी समजावण्यासाठी रचली आहेत, पण त्यांच्या हातातले कागद मी टेबलावर पाहतो तसेच आहेत.

पहिला देवगडचा. २०१७ साली पुण्याच्या कार्यालयात सॉफ्टवेअर चाचणीच्या कामावर लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा कंपनीने सगळ्यांना घरी पाठवलं. त्यानंतर त्याच्याकडे सहा-सात मेल आहेत आणि प्रत्येकाची भाषा जवळपास सारखी: ‘सद्य परिस्थिती लक्षात घेता घरून कामाची तात्पुरती व्यवस्था पुढील सूचनेपर्यंत चालू राहील.’ २०२२ नंतरचे मेलही असेच आहेत, फक्त ‘सद्य परिस्थिती’च्या जागी ‘व्यवसायाची गरज’ आलं. दर सहा महिन्यांनी मुदतवाढ. कंपनीच्या प्रणालीत त्याचं कामाचं ठिकाण आजही पुणे आहे, आणि पगारपत्रकात पुण्याचा शहर भत्ता दर महिन्याला दिसतो.

दुसरी दापोलीची. तिचं काम ग्राहकांच्या विमा दाव्यांच्या नोंदी तपासण्याचं. तीही २०२० मध्येच घरी आली. पण ऑगस्ट २०२२ मध्ये तिला मनुष्यबळ विभागाकडून वेगळं पत्र आलं. त्यात तिची नेमणूक ‘कायमस्वरूपी दूरस्थ’ प्रकारात वर्ग केल्याचं लिहिलं होतं. कामाचं ठिकाण म्हणून तिच्या दापोलीच्या घराचा पत्ता घातला. शहर भत्ता काढला, आणि त्याऐवजी इंटरनेट आणि विजेपोटी महिना दोन हजार रुपये सुरू केले. खुर्ची, दुसरा मॉनिटर आणि लॅपटॉप कंपनीने कुरियरने घरी पाठवले आणि पोच घेतली. तिच्याकडून एक फॉर्मही भरून घेतला होता: घरात इन्व्हर्टर आहे का, इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या आहेत का, पावसाळ्यात वीज गेली तर किती तास काम चालू राहील. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात किनाऱ्यावर अनेक गावं दिवसच्या दिवस अंधारात राहिली होती, त्यामुळे हा प्रश्न अगदी खरा होता. उत्तर देण्यासाठी तिने स्वतःच्या पैशाने इन्व्हर्टर घेतला.

दोघांनाही जानेवारीत एकाच मजकुराचा मेल आला: पंधरा दिवसांत पुण्याच्या कार्यालयात रुजू व्हा.

देवगडच्या माणसाची बाजू कमकुवत आहे. त्याचा प्रत्येक कागद ‘तात्पुरती’ म्हणतो. घरून काम आपत्तीतून सुरू झालं, आणि आपत्तीच्या काळात कंपनीने जे केलं तो काही कंपनीचा राजीखुशीचा प्रघात नव्हता. महाराष्ट्राने कोरोनाचे सगळे निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून, म्हणजे गुढीपाडव्याच्या तोंडावर उठवले. ही तारीख मी प्रत्येकाला लक्षात ठेवायला सांगतो. तिच्या आधीचं घरून काम सक्तीचं होतं, तिच्यानंतरचं कंपनीने स्वतः निवडलेलं. त्यामुळे ‘रूढ झालं’ हे दाखवायचं तर मोजणी साधारण एप्रिल २०२२ पासून करावी लागते, आणि त्या पुढच्या काळातही त्याच्या हातात पुन्हा ‘पुढील सूचनेपर्यंत’ हेच शब्द आहेत. शहर भत्ता पुण्याचा चालू राहिला, म्हणजे कंपनी त्याला पुण्याचाच धरत होती आणि त्यालाही ते ठाऊक होतं. परत बोलावल्याने त्याची सेवाशर्त बदलली हे त्याला पटवून देता येणं अवघड आहे.

दापोलीच्या बाईची गोष्ट तशी नाही. तिच्या बाबतीत कंपनीने परवानगी वाढवत नेली नाही, तर व्यवस्थाच बदलली, लेखी, आणि पगाराची रचनाही तिच्याबरोबर बदलली. शहर भत्ता सोडणं ही तिने दिलेली किंमत होती. दोन्ही बाजूंनी काहीतरी देऊन घेऊन जे ठरतं त्याला नुसती मुभा म्हणता येत नाही. घराचा पत्ता कामाचं ठिकाण म्हणून नोंदला गेला, सामान तिथे पाठवलं गेलं, आणि घरात काय सोय असावी हे कंपनीने ठरवलं. उद्या कंपनी म्हणेल की गावी जायचं ते तिने ठरवलं, आम्ही नाही. त्यावर तिच्याकडे उत्तर आहे: कंपनीने हे जाणून, मान्य करून, स्वतःच्या कागदावर घेतलं होतं. आता तिला परत बोलावणं म्हणजे सेवेची अट बदलणं, असं मी तिच्या बाजूने ठामपणे मांडेन.

अर्थात तिच्या पत्रात खाली एक ओळ असेलच, की कंपनी ही व्यवस्था आपल्या अखत्यारीत बदलू शकते. अशी ओळ दिसली की माणसाचा धीर सुटतो. ती ओळ कंपनीच्या बाजूने जोरदार आहे हे खरं, पण ती पूर्ण वाचावी. बऱ्याचदा पुढे लिहिलेलं असतं, ‘साठ दिवसांची पूर्वसूचना देऊन’ किंवा ‘कर्मचाऱ्याशी चर्चा करून’. राखून ठेवलेला अधिकारही त्याच पत्रातल्या रीतीने वापरावा लागतो. पंधरा दिवसांचा मेल त्या रीतीत बसत नसेल, तर तिथेच हरकत घेता येते.

परत बोलावणं ही एकच गोष्ट आहे असं लोक धरून चालतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. मेल एक असतो, पण त्याच्या पोटात तीन-चार बदल असतात, आणि त्यांतले काही बदल नोटिशीच्या यादीत थेट बसतात. दापोलीच्या बाईला आलेला मेल पुढे वाचला तर त्यात होतं: इंटरनेट भत्ता एक तारखेपासून बंद. हा झाला भत्त्यातला बदल, यादीतली तिसरी बाब. पूर्वी ती आठ तास पूर्ण करायची, सकाळी आठला बसली तरी चालायचं आणि दहाला बसली तरी. आता साडेनऊ ते साडेसहा, मधली सुट्टी पाऊण तास. हा कामाच्या तासांतला आणि विश्रांतीतला बदल, चौथी बाब. दारावर कार्ड लावल्याची नोंद नऊ तासांपेक्षा कमी दिसली तर अर्ध्या दिवसाची रजा कापणार. यात रजाही आली आणि शिस्तीचा नवा नियमही. आणि तिमाही कामगिरी-वेतन हजेरीशी जोडणार, म्हणजे पगाराला हात लागला.

परत बोलावण्याच्या मूळ प्रश्नावर वाद घालता येतो. या चार गोष्टींवर वादाला फार कमी जागा आहे. घरून काम रूढ सवलत होतं की नव्हतं हे बाजूला ठेवलं, तरी भत्ता बंद करायला आणि हजेरी पगाराला जोडायला नोटीस लागते. देवगडच्या माणसालासुद्धा हा भाग उपयोगी आहे. त्याला परत बोलावणं कंपनीच्या हक्कात असेल, पण रजा कापण्याचा नवा नियम पंधरा दिवसांच्या मेलने लावणं तिच्या हक्कात नाही. तेव्हा मेल हातात घेऊन त्यातल्या प्रत्येक बदलाखाली वेगळी रेघ ओढावी, आणि कोणता बदल यादीतल्या कोणत्या बाबीत बसतो ते समोर लिहावं. वकिलाकडे जाण्याआधी एवढं केलंत तरी पुष्कळ काम होतं.

नोटीस ही नुसती औपचारिकता आहे का, असं कोणी विचारतं तेव्हा मी १९७२ चा टाटा आयर्न अँड स्टीलचा निकाल सांगतो. तिथे साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी दुसऱ्या वारी केली होती. न्यायालयाने म्हटलं, की कामगारांना बदलाचा विचार करायला आणि आपलं म्हणणं मांडायला संधी मिळावी, यासाठीच नोटिशीची तरतूद आहे. आणि १९९९ साली लोकमत वृत्तपत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नोटीस बदलाच्या आधी यायला हवी. बदल करून झाल्यावर नोटीस देणं म्हणजे कायदा पाळणं नव्हे. म्हणून आपल्या फाइलमध्ये दोन तारखा ठळक लिहून ठेवाव्यात: सूचना कधी मिळाली, आणि बदल कधी लागू झाला. त्यांच्यामध्ये २१ दिवसांपेक्षा कमी अंतर असेल तर तो मुद्दा तिथेच उभा राहतो.

आणखी एक कसोटी आहे. १९७३ च्या हिंदुस्थान लिव्हरच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की बदलाचा कामगारावर प्रतिकूल परिणाम होत नसेल तर नोटिशीचा प्रश्न येत नाही. इथे आपल्याकडचे लोक चुकीच्या गोष्टी पुढे करतात. आई आजारी आहे, बागेचं कलम बघायला कोणी नाही, गणपती घरचा आहे. या गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या सांगताना माणसाचा आवाज भरून येतो हे मी पाहिलंय. पण असे वाद ऐकणारं औद्योगिक न्यायाधिकरण कामगार म्हणून झालेलं नुकसान बघतं. पुण्यात खोलीचं भाडं, बुडालेला भत्ता, प्रवासात वाढलेला वेळ, कापलेली रजा, ही नुकसानी रुपयांत आणि तासांत मांडता येते. तीच आधी मांडावी, आणि घरची अडचण मुदत वाढवून मागताना सांगावी. तिथे तिचा उपयोग होतो.

हे सगळं लागू पडायचं तर तुम्ही संहितेच्या व्याख्येतले ‘कामगार’ असायला हवं, आणि इथे एक गैरसमज फार पसरला आहे. लोक म्हणतात, “मला महिना सत्तर हजार मिळतात, मी कसला कामगार?” पगाराची मर्यादा सगळ्यांना नाही. देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी महिना १८ हजार रुपयांची मर्यादा आहे. त्याहून जास्त पगार घेणारा देखरेख करणारा माणूस व्याख्येबाहेर जातो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणाराही बाहेर. पण तांत्रिक, कारकुनी किंवा कुशल काम स्वतः हातांनी करणाऱ्याला पगाराची अट नाही. दावे तपासणारी दापोलीची बाई आणि चाचणी करणारा देवगडचा माणूस, दोघांच्या हाताखाली कोणी नसेल, तर त्यांचा पगार कितीही असो, ते कामगार ठरू शकतात. पदनामात ‘सहायक व्यवस्थापक’ असं छापलं म्हणून माणूस व्यवस्थापक होत नाही. तो दिवसभर प्रत्यक्ष काय करतो, कोणाची रजा मंजूर करतो का, कोणाच्या कामाचं मूल्यांकन लिहितो का, यावर ते ठरतं.

जे खरोखर व्यवस्थापक आहेत त्यांना २१ दिवसांच्या नोटिशीचा आधार नाही. त्यांच्यापुढे फक्त करार उरतो. करार मोडला हे दाखवता आलं तरी न्यायालय सहसा नुकसानभरपाईपर्यंत जातं. ‘याला घरूनच काम करू द्या’ असा आदेश खाजगी नोकरीत मिळणं फार कठीण, कारण वैयक्तिक सेवेचे करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाहीत. त्यांनी बोलणीच करावीत.

मातृत्व रजेवरून परतणाऱ्या स्त्रीसाठी कायद्यात घरून कामाची वेगळी तरतूद आहे, पण तीही मालक आणि ती स्त्री यांच्यात ठरलेल्या अटींवर. ठरलं असेल ते लेखी असू द्यावं.

आता प्रत्यक्षात काय करायचं. सगळ्यात धोकादायक मार्ग म्हणजे मेलला उत्तर न देता घरूनच काम चालू ठेवणं. तुमची बाजू कितीही खरी असली तरी ‘कायदेशीर आदेश पाळला नाही’ किंवा ‘अनधिकृत गैरहजेरी’ असं गैरवर्तनाचं प्रकरण उभं राहतं, आणि मूळ प्रश्न बाजूला पडून तुम्हीच आरोपी होता. दिलेल्या तारखेच्या आत लेखी उत्तर द्यावं. त्यात आपली व्यवस्था कोणत्या पत्राने झाली, त्या पत्राची तारीख, मेलमधले कोणते बदल यादीतल्या कोणत्या बाबीत येतात, आणि कलम ४० खाली नोटीस मिळालेली नाही, एवढं लिहावं. स्थगिती मिळाली नसेल आणि तारीख येऊन ठेपली, तर हक्क राखून, हरकत नोंदवून हजर व्हावं. हजर झाल्याने तुम्ही बदल मान्य केला असं होऊ नये म्हणून हरकतीची ती ओळ महत्त्वाची.

एकट्याने कुठे जायचं, ही खरी अडचण. नोकरीवरून काढलं तर एकटा माणूसही औद्योगिक विवाद उभा करू शकतो. पण नुसतं परत बोलावलं, यावर एकट्याची तक्रार सहसा औद्योगिक विवाद ठरत नाही. त्यामागे संघटना किंवा बऱ्याच सहकाऱ्यांचा पाठिंबा लागतो. म्हणून देवगडहून एकट्याने लढू पाहण्यापेक्षा त्याच मेलच्या यादीतले आणखी जण शोधावेत. संघटना नसेल तर वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणं संहितेने बंधनकारक केलं आहे. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात. तिच्याकडे एकटा कामगारही अर्ज करू शकतो, आणि समितीने तीस दिवसांत काम पूर्ण करायचं असतं. तिथे समाधान झालं नाही, तर साठ दिवसांत आपण सभासद असलेल्या संघटनेमार्फत, वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. एकदा समेटाची कार्यवाही सुरू झाली, की त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती तोपर्यंत कामगाराच्या तोट्याच्या दिशेने बदलायच्या नाहीत, असं कलम ९० सांगतं. कंपन्या चर्चेला बसतात त्या बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

जिंकलं तरी काय मिळतं हेही सांगायला हवं. कलम ४० कंपनीला बदल करायला कायमची बंदी घालत नाही. कंपनीने रीतसर नोटीस दिली, २१ दिवस थांबली, आणि त्यावर विवाद उभा राहिला, तर न्यायाधिकरण बदल योग्य आहे का ते तपासतं, आणि कामाची खरी गरज दाखवता आली तर कंपनीला परवानगीही मिळू शकते. दापोलीच्या बाईला आयुष्यभर दापोलीतून काम करण्याचा हुकूम बहुधा मिळणार नाही. मिळू शकेल ते असं: शहर भत्ता पुन्हा सुरू होणं, कारण तो घरच्या व्यवस्थेच्या बदल्यात गेला होता. पुण्यात बिऱ्हाड लावायला पंधरा दिवसांऐवजी दोन-तीन महिने. हजेरीवरून रजा आणि पगार कापण्याचा नियम तोपर्यंत स्थगित. आणि काही कंपन्यांत, आठवड्यातले दोन दिवस कार्यालय आणि बाकी घर, असा मधला मार्ग. ऑगस्ट २०२२ चं ते पत्र, सामानाची पोच आणि इन्व्हर्टरचा फॉर्म टेबलावर ठेवला, की या चारही गोष्टी मागताना तिला बोलणं सोपं जातं. हे कागद कंपनीच्या मेलबॉक्समध्ये असतील तर राजीनामा किंवा वाद व्हायच्या आधीच, कंपनीचं गोपनीयतेचं धोरण पाहून, फक्त स्वतःच्या नोकरीसंबंधीच्या पत्रांच्या छापील प्रती काढून घराच्या कपाटात ठेवाव्यात. प्रवेश बंद झाल्यावर ते परत मिळवायला महिने जातात.